दुसरी एसएसडी टाकली पण लॅपटॉपला दिसतच नाही, कुठून तपासायला सुरुवात करायची

दुसरी एसएसडी बसवली, मागचं झाकण लावलं, लॅपटॉप चालू केला, आणि नवीन ड्राइव्ह कुठेच नाही. हा प्रॉब्लेम मी इतक्या वेळा सोडवलाय की आता समोरच्याने पहिलं वाक्य बोललं की कुठे बघायचं त्याचा अंदाज येतो, पण तरीही मी दरवेळी त्याच क्रमाने जातो, कारण अंदाजावर थेट स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला आणि शेवटी कळलं की नुसतं विंडोजमध्ये दोन क्लिक करायचे होते, असं बऱ्याच जणांचं झालेलं बघितलंय.

आधी लक्षण नीट ओळखा

"दिसत नाही" याचे खरं तर तीन वेगळे अर्थ असतात आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

एक म्हणजे बायोसमध्ये, विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, ड्राइव्हचं नाव येतं पण विंडोजच्या This PC मध्ये नवीन ड्राइव्ह येत नाही. हे सगळ्यात सोपं, यात हार्डवेअर जवळजवळ नेहमी ठीक असतं.

दुसरं म्हणजे बायोसमध्येसुद्धा नाव नाही. इथे स्लॉट आणि एसएसडी यांचं जमत नाहीये, नाहीतर ती नीट बसलेली नाही, नाहीतर एसएसडीच खराब आहे. बहुतेक वेळा पहिलंच कारण निघतं आणि या पोस्टमधला मोठा भाग त्याच्यावरच आहे.

तिसरं जरा विचित्र आहे, नवीन ड्राइव्ह कधी दिसते कधी गायब होते, किंवा नवीन दिसायला लागली आणि आधीपासून असलेली हार्ड डिस्क दिसेनाशी झाली. लोक याला व्हायरस वगैरे समजतात, पण यातलं पहिलं बहुतेक ढिल्या बसवण्यामुळे होतं आणि दुसरं मदरबोर्डच्या वायरिंगमुळे.

फुकटातली तपासणी, झाकण उघडायच्या आधी

विंडोज की आणि आर दाबा, `diskmgmt.msc` टाइप करा आणि एंटर. डिस्क मॅनेजमेंट उघडेल. कोरी एसएसडी असेल तर खाली काळ्या पट्टीत Unallocated असं दिसेल, आणि बऱ्याचदा उघडल्या उघडल्या Initialize Disk ची खिडकी पुढे येते. तिथे GPT निवडा, मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक करून New Simple Volume, पुढे पुढे करत फॉरमॅट करा, आणि ड्राइव्ह This PC मध्ये येईल. नवीन एसएसडी कारखान्यातून पार्टिशन न करता येते आणि पार्टिशन नाही तोवर विंडोज तिला ड्राइव्हचं अक्षर देत नाही, एवढंच कारण. GPT का, तर जुन्या MBR पद्धतीत २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही.

मात्र ती एसएसडी दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेली असेल आणि तिच्यात तुमचा डेटा असेल तर Initialize ला हात लावू नका. आधी तो डेटा कुठल्या सिस्टीमने लिहिलाय ते बघा, लिनक्समधली ड्राइव्ह असेल तर विंडोजला तिच्यातलं काही वाचता येणार नाही आणि ते तुम्हाला फॉरमॅट करा म्हणेल, करू नका.

अजून एक गोष्ट इथेच कळते. जुन्या ड्राइव्हचा क्लोन करून तीच एसएसडी दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकली असेल तर दोघींची ओळखखूण एकच असते आणि विंडोज त्यातली एक Offline ठेवतं. राइट क्लिक करून Online केलं की दिसते, पण त्या वेळी विंडोज तिची खूण बदलतं, त्यामुळे त्या क्लोनवरून पुढे बूट करायचा विचार असेल तर Online करू नका.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये काहीच नसेल तर बायोसमध्ये जा. लॅपटॉप सुरू होताना F2 किंवा Delete, कंपनीनुसार बटण वेगळं असतं. Storage किंवा Information अशा पानावर जोडलेल्या ड्राइव्ह दिसतात. इथे नाव आहे का नाही यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो. नाव आहे पण विंडोजमध्ये कुठेच नाही असं झालं तर ड्रायव्हरचा किंवा स्टोरेज मोडचा विषय आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ. नाव नाही तर वाचत राहा.

मॅन्युअल आणि लेबल, अजूनही झाकण बंदच

आता ज्याच्यामुळे सगळ्यात जास्त लोक अडकतात ते. एम.2 हे फक्त आकाराचं आणि कनेक्टरचं नाव आहे. त्या कनेक्टरमधून ड्राइव्ह कुठल्या भाषेत बोलते हा वेगळा प्रश्न. काही एम.2 एसएसडी साटा बोलतात, काही पीसीआयईवरून एनव्हीएमई बोलतात. दिसायला दोन्ही सारख्याच, हिरवी किंवा काळी पट्टी, वर चिप्स, टोकाला सोनेरी दात. साटावाली साधारण ५५० एमबी प्रति सेकंदाच्या पुढे जात नाही, एनव्हीएमई जनरेशन ३ वाली ३५०० च्या आसपास जाते. पण वेगाचं नंतर बघू, आधी ती दिसली पाहिजे.

सोनेरी दातांमधल्या खाचा बघा. एकच खाच असेल आणि तिच्या बाहेरच्या बाजूला पाच दात सुटे असतील तर ती एम की, एनव्हीएमई एसएसडी बहुतेक अशाच असतात. दोन खाचा असतील तर ती बी अधिक एम, साटा एसएसडी बहुतेक अशा असतात, पण काही कमी वेगाच्या एनव्हीएमईसुद्धा दोन खाचांच्या निघतात, म्हणून खाच मोजून निकाल लावू नका, लेबल वाचा. लेबलवर NVMe किंवा PCIe लिहिलंय का SATA 6Gb/s लिहिलंय ते बघा. लेबल फाटलं असेल तर मॉडेल नंबर शोधून कंपनीच्या पानावर बघा.

आता गोम इथे आहे. लॅपटॉपमधला एम.2 स्लॉट बहुतेक एम कीचा असतो आणि दोन खाचांची ड्राइव्ह त्यात आरामात बसते. म्हणजे साटा एसएसडी एनव्हीएमई स्लॉटमध्ये अगदी नीट बसते, स्क्रूसुद्धा लागतो, काही अडत नाही, आणि तरी दिसत नाही. कारण त्या स्लॉटला मदरबोर्डवर साटाच्या तारा जोडलेल्याच नसतात. साटा ड्राइव्ह एका पिनवरून बोर्डाला सांगत असते की मी साटा आहे, पण पलीकडे ऐकायला साटा कंट्रोलर नसेल तर ते सांगणं वाया जातं. उलटंही होतं, काही जुन्या लॅपटॉपमधले स्लॉट फक्त साटाचे असतात आणि तिथे दोन खाचांची एनव्हीएमई बसली तरी गप्प राहते. दोन्ही प्रकारांना ३.३ व्होल्टच लागतात, त्यामुळे चुकीची ड्राइव्ह टाकली म्हणून ती जळत नाही. नुसती दिसत नाही, आणि तासन्‌तास माणूस विंडोजमध्ये शोधत बसतो.

म्हणून लॅपटॉपच्या मॉडेलचं मॅन्युअल उघडा, त्यातही नुसती जाहिरातीची स्पेसिफिकेशन नको, सर्व्हिस किंवा मेंटेनन्स मॅन्युअल असेल तर ते घ्या. स्टोरेजच्या पानावर प्रत्येक स्लॉट वेगळा दिलेला असतो, साधारण असं काहीतरी:

```
Slot 1: M.2 2280 PCIe Gen4 x4
Slot 2: M.2 2242 PCIe Gen3 x4 / SATA
```

इथे दोन गोष्टी वाचायच्या, तिरप्या रेघेनंतर SATA आहे का, आणि चार आकडी नंबर काय आहे. लोक एक चूक हमखास करतात, कमांड चालवून आधीच्या ड्राइव्हचा प्रकार बघतात आणि तोच दुसऱ्या स्लॉटलाही लागू असं धरून चालतात.

```
Get-PhysicalDisk | Select FriendlyName, BusType, Size
```

ही पॉवरशेलमधली कमांड उपयोगी आहे, पण ती लावलेल्या ड्राइव्हबद्दल सांगते, रिकाम्या स्लॉटबद्दल नाही. पहिला स्लॉट एनव्हीएमई आणि दुसरा फक्त साटा, किंवा उलटं, असे लॅपटॉप भरपूर आहेत.

तिसऱ्या लक्षणातली गायब झालेली हार्ड डिस्कही याच पानावर सापडते. काही मॉडेलमध्ये एम.2 स्लॉटचा साटा आणि अडीच इंची डिस्कचा साटा पोर्ट एकच असतो, एम.2 मध्ये साटा ड्राइव्ह टाकली की अडीच इंचीचा पोर्ट बंद पडतो. तळटीपेत बारीक अक्षरात असतं. तिथे एनव्हीएमई टाकली तर दोन्ही चालतात, अर्थात स्लॉट एनव्हीएमई घेत असेल तर.

लांबी

२२८० म्हणजे रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी ८०. २२४२ म्हणजे लांबी ४२, २२३० म्हणजे ३०. रुंदी सगळ्यांची सारखीच, फरक लांबीचा, आणि त्याचा वेगाशी किंवा प्रकाराशी काही संबंध नाही. लांब स्लॉटमध्ये छोटी ड्राइव्ह टाकायची असेल तर स्क्रू ज्यात बसतो ते बूड तिच्या टोकापाशी हलवता यायला हवं किंवा जोडपट्टी लावून लांबी वाढवावी लागते, नुसती तरंगत ठेवू नका. छोट्या स्लॉटमध्ये लांब ड्राइव्ह जात नाही, तिथे वाकवून किंवा बूड तोडून काही करू नका, बोर्डावरचे भाग समोर येतात.

जाडीचाही एक मुद्दा आहे. काही ड्राइव्हला खालच्या बाजूलाही चिप्स असतात, जास्त क्षमतेच्या ड्राइव्हमध्ये हे जास्त आढळतं. पातळ लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह आणि बोर्डामध्ये तेवढी जागा नसते, ड्राइव्ह मधोमध वर उचलली जाते किंवा झाकण फुगतं. घ्यायच्या आधी मॅन्युअलमध्ये single-sided लिहिलंय का ते बघा.

आणि कृपा करून वायफाय कार्डचा स्लॉट मोकळा करून त्यात एसएसडी घालायचा प्रयत्न नको, तो वेगळ्या खाचेचा आणि वेगळ्या कामाचा आहे. सिमकार्डवाल्या मॉडेमसाठीच्या रिकाम्या स्लॉटबद्दलही तेच, काही लॅपटॉपमध्ये तिथे २२४२ ची दोन खाचांची ड्राइव्ह चालते, पण मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असेल तरच.

माझ्या मामेभावाचा लॅपटॉप

त्याने ५१२ जीबीच्या जोडीला १ टीबी टाकली आणि फोन केला, "दादा, बसलीये एकदम नीट, स्क्रूपण लागला, पण बायोसमध्येसुद्धा येत नाहीये, एसएसडी खराब निघाली वाटतं, परत करू का?"

म्हटलं थांब, लेबलचा फोटो पाठव. फोटोत दोन खाचा आणि खाली SATA 6Gb/s. मग मॅन्युअल काढायला लावलं, त्यात दुसऱ्या स्लॉटसमोर फक्त `M.2 2280 PCIe Gen3 x4`, साटा हा शब्दच नाही. तरी मी त्याला लगेच बदल म्हटलं नाही, कारण ड्राइव्ह खरंच खराब असण्याची शक्यता उरतेच. त्याच्या मित्राकडे साटा एम.2 चं यूएसबी एन्क्लोजर, म्हणजे ड्राइव्ह बाहेरून यूएसबीने जोडायची डबी, होतं, त्यात घालून लावली तर लगेच डिस्क मॅनेजमेंटमध्ये Unallocated दिसली. म्हणजे ड्राइव्ह ठणठणीत, स्लॉटही ठणठणीत, फक्त दोघांचं जमत नाही. (एन्क्लोजर वापरताना हे लक्षात ठेवा की साटाचं एन्क्लोजर एनव्हीएमई वाचत नाही आणि एनव्हीएमईचं साटा वाचत नाही, दोन्ही चालतं असं लिहिलेलं असेल तरच दोन्ही चालतं. चुकीच्या एन्क्लोजरमध्ये चांगली ड्राइव्ह मेली असं समजून फेकलेली मी बघितली आहे.)

त्याने ती परत करून एनव्हीएमई आणली. जनरेशन ४ ची मिळाली, स्लॉट जनरेशन ३ चा, तरी चालते, फक्त जनरेशन ३ च्या वेगाने. बायोसमध्ये नाव आलं. आणि दहा मिनिटांनी परत फोन, "दादा, अजून This PC मध्ये नाहीच." मग पहिली पायरी, Initialize, New Simple Volume, झालं. म्हणजे एकाच लॅपटॉपमध्ये एकामागे एक दोन वेगळी कारणं होती, आणि लक्षण मात्र त्याच्यासाठी एकच, दिसत नाही. म्हणूनच सारखं बायोस बघा बायोस बघा म्हणतो.

आता झाकण

प्रकार जुळतोय, लांबी जुळतेय, तरी बायोसमध्ये नाव नाही, तरच उघडा.

त्याआधी महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप, आणि विंडोजचा ड्राइव्ह लॉक करणारा बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा, कारण हार्डवेअर किंवा बायोस बदलल्यावर तो की मागू शकतो आणि तेव्हा ती त्याच लॉक झालेल्या ड्राइव्हमध्ये असून उपयोग नाही. शिफ्ट दाबून धरून Shut down करा, म्हणजे लॅपटॉप खरोखर बंद होतो, नुसता अर्धवट झोपत नाही. चार्जर काढा. उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, वायर न ओढता कनेक्टर धरून. मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा. हे का, तर बॅटरी जोडलेली असेल तर बंद लॅपटॉपमध्येही बोर्डाच्या काही भागात करंट असतो आणि एसएसडी सरकवताना दात चुकून भलतीकडे टेकले तर ड्राइव्ह किंवा बोर्ड जाऊ शकतो. काही लॅपटॉपमध्ये बायोसमधूनच अंतर्गत बॅटरी बंद करायची सोय असते, असेल तर ती वापरा.

एसएसडी बाहेर काढून परत बसवा. ती तिरपी घालायची असते, साधारण वीस-तीस अंशात, आणि दात पूर्ण आत गेले की सोनेरी पट्टी जेमतेम रेघेएवढी दिसते किंवा दिसतच नाही. मग सोडली तर तिचं दुसरं टोक वर उभं राहतं, ते बरोबर आहे, तसंच असतं. दाबून आडवी करा आणि स्क्रू लावा. स्क्रू नसेल तर टेपने चिकटवून चालणार नाही, ड्राइव्ह हळूहळू वर येते, दात अर्धे सुटतात आणि मग कधी दिसते कधी नाही असं सुरू होतं, तिसऱ्या लक्षणातला पहिला भाग हाच. आणि मिळेल तो स्क्रूही नको, लांब असेल तर खाली बोर्डाला टोचतो. ड्राइव्ह आत जाताना जोर लागत असेल तर खाच जुळत नाहीये, थांबा, उलटी करून किंवा ढकलून बघू नका.

अडीच इंची डिस्कच्या जागेत साटा एसएसडी टाकत असाल तर बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती जागा असते पण रिबन केबल आणि चौकट सोबत येत नाही, ती त्याच मॉडेलची मागवावी लागते.

परत बसवूनही नाही दिसली तर अदलाबदल. जुनी ड्राइव्ह काढून बाजूला ठेवा, नवीन पहिल्या स्लॉटमध्ये घाला (प्रकार जुळत असेल तर) आणि फक्त बायोसपर्यंत जाऊन नाव बघा. पहिल्यात दिसली आणि दुसऱ्यात नाही तर दुसरा स्लॉट किंवा त्याची सेटिंग. दोन्हीकडे नाही आणि योग्य एन्क्लोजरमध्येही नाही तर ड्राइव्ह खराब, वॉरंटीत बदलून घ्या.

बायोस सेटिंग

दुसरा स्लॉट बायोसमध्ये बंद ठेवलेला असू शकतो, Storage च्या पानावर तो चालू करा. बायोस अपडेट कंपनीच्या पानावर असेल आणि त्याच्या यादीत स्टोरेजबद्दल काही लिहिलं असेल तर चार्जर लावून करा, उगीच म्हणून करू नका.

नाव बायोसमध्ये आहे पण विंडोजमध्ये कुठेच नाही अशा वेळी कंपनीच्या पानावरून स्टोरेजचा ड्रायव्हर टाकून बघा. इंटेलच्या ११ व्या जनरेशनपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये VMD नावाची स्टोरेजची सेटिंग चालू असते आणि तिचा ड्रायव्हर नसेल तर विंडोज इन्स्टॉल करताना ड्राइव्ह दिसत नाही. ड्रायव्हर टाका, सेटिंग बदलू नका. चालू विंडोजवर VMD बंद केलं किंवा स्टोरेज मोड RAID चा AHCI केला तर जुनी ड्राइव्हसुद्धा बूट व्हायची थांबते आणि INACCESSIBLE_BOOT_DEVICE असा निळा स्क्रीन येतो. आलाच तर घाबरू नका, सेटिंग परत होती तशी करा, बहुतेक वेळा सुरू होतं.

इथे थांबा

झाकण उघडल्यावर दुसऱ्या स्लॉटच्या जागी नुसते सोल्डरचे ठिपके दिसले आणि कनेक्टरच नाही, तर तुमच्या मॉडेलमध्ये तो दिलेलाच नाही. एकाच बोर्डावर काही मॉडेलमध्ये कनेक्टर लावतात, काहीत नाही. विकत आणून सोल्डर करायचा विचार सोडा, सोबतचे बारीक भागही लावलेले नसतात.

बॅटरी फुगलेली दिसली तर काही न काढता झाकण बाजूला ठेवून तसंच तंत्रज्ञाकडे न्या, ती दाबून बसवू नका. स्लॉटमधली पिन वाकलेली असेल, स्क्रूचं डोकं घसरलं असेल, जळल्याचा वास आला किंवा ड्राइव्ह टाकल्यावर लॅपटॉप चालूच होत नसेल आणि ती काढल्यावरही होत नसेल, तर घरी अजून प्रयोग करू नका. जुन्या ड्राइव्हमध्ये बॅकअप नसलेला डेटा असेल आणि तीच कुठे दिसेनाशी झाली असेल तर पुन्हा पुन्हा चालू-बंद न करता डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. वॉरंटी चालू असेल तर झाकणाच्या आधीच सर्व्हिस सेंटरला विचारा.

आणि मॅन्युअल म्हणतं चालेल, ड्राइव्ह दुसरीकडे चालते, पण या स्लॉटमध्ये नाहीच, असं असेल तर तो बोर्डाचा दोष आहे. नेताना लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर, एसएसडीच्या लेबलचा फोटो, आणि ती कुठल्या स्लॉटमध्ये दिसली कुठे नाही हे कागदावर लिहून न्या, नाहीतर तिथला माणूस परत पहिल्यापासून तेच सगळं तपासत बसेल.